पिशवी भरते एक, उघडते दुसरी

सोलापुरातल्या कुठल्याही प्रसूती वॉर्डाबाहेरच्या बाकावर तासभर बसलं तर हा प्रसंग एकदा तरी बघायला मिळतो. लेबर रूमचं दार अर्धवट उघडतं, सिस्टर डोकावतात आणि पेशंटचं नाव घेऊन विचारतात, ‘‘नातेवाईक कोण? बाळाचे कपडे आणि दोन टॉवेल द्या, लवकर.’’ बाकावरच्या आजी उठतात आणि भली मोठी पिशवी पुढ्यात ओढतात. वर लाडवांचा डबा, त्याखाली साड्या, मग थर्मास, मग सोनोग्राफीची घडी पडलेली फाइल. झबली तळाशी. टॉवेल सापडतो तो एकच, आणि तोही कोरा, दुकानाचं लेबल न काढलेला.

अशा पिशवीत सामान कमी नसतं, उलट जास्तच असतं. अडचण अशी की पिशवी जिने भरली ती आत कळा देत असते आणि पिशवी उघडायची वेळ येते तिच्या आईवर, सासूवर नाहीतर जावेवर. घाई, घाबरगुंडी आणि रात्रीची वेळ, अशात त्या बाईला काय कुठे आहे ते माहीत नसतं. बर्थ प्लॅनचंही तसंच. मनात पक्कं ठरवलेलं सगळं जर कागदावर नसेल, तर जिला ते माहीत आहे ती त्या वेळी सांगण्याच्या अवस्थेत नसते. म्हणून पिशवी आणि कागद दोन्ही दुसऱ्यासाठी तयार करायचे असतात. शेवटच्या महिन्यातल्या तयारीत मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाकीच्या गोष्टी त्यातून सुचत जातात.

हे नीट समजायला एक उदाहरण घेऊ. मुलगी दक्षिण सोलापुरातली, माहेर मंद्रूपच्या बाजूला, विजयपूर रस्त्यावर, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. सासर पुण्याकडे, नवऱ्याची नोकरी तिथल्या कारखान्यात. पहिली खेप, त्यामुळे रिवाजाप्रमाणे बाळंतपण माहेरी. शेवटची पाळी १० ऑगस्टला आली. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की तारीख येते १७ मे. या दिलेल्या तारखेलाच होणारी बाळंतपणं फार थोडी, वीसात एखादं. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळाचे दिवस भरले असं मानतात. या हिशेबात ते २६ एप्रिलला भरतात. म्हणून पिशवी त्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे १९ एप्रिलला, ३६ आठवडे संपतानाच दाराशी तयार हवी. जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असेल, तर आणखी दोन-तीन आठवडे अलीकडे.

हिचा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. हे मुद्दाम घेतलं. त्याचं कारण पुढे येईल.

आता पिशवी. एका मोठ्या पिशवीत तीन वेगळ्या रंगांच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या आणि प्रत्येकीवर मार्करने ठळक लिहायचं: ‘आईची, आत न्यायची’, ‘बाळाची’, ‘वॉर्डातली’. वाचता न येणाऱ्या आजी सोबत असतील तर रंग सांगून ठेवायचे. पिशवी भरून झाल्यावर एकदा सोबत येणाऱ्या बाईला ती उघडून दाखवायची आणि तिच्याकडूनच वस्तू काढून घ्यायच्या. एवढी एक रंगीत तालीम केली की रात्री दोन वाजताची अर्धी धांदल मिटते.

आईच्या पिशवीत फार काही लागत नाही. समोरून उघडणारे दोन सुती गाऊन, एक जुनी मऊ सुती साडी, रबरी चपला, पाण्याची बाटली, मोठ्या आकाराच्या सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं आणि दोन-तीन निकर. बाळंतपणानंतरचा स्राव पाळीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, नेहमीची लहान पॅड तिथे पुरत नाहीत. गाऊन समोरून उघडणारा हवा, कारण बाळाला लगेच छातीशी घ्यायचं असतं.

या पिशवीपेक्षा महत्त्वाचं आहे ते अंगावर काय नको ते. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा मनगटावर गच्च बसलेला असतो आणि सलाईनची सुई लावायला नेमकी तीच जागा लागते. सिझर ठरलं तर चुडा, नथ, मंगळसूत्र सगळं काढायला लावतात, आणि मग बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी पदरात सोनं बांधलेलं असतं. सोनं घरीच ठेवावं. चुडा निघत नसेल तर आठवडाभर आधी साबणाच्या पाण्याने सैल करून दोन-दोन बांगड्या ठेवाव्यात. नखांचं पॉलिश काढावं. रक्तातला ऑक्सिजन मोजणारी चिमटी बोटाला लावतात, गडद रंगामुळे तिचा आकडा चुकू शकतो.

बाळाच्या पिशवीत पहिली वस्तू दोन टॉवेल. दोनच का आणि एक का नाही, हे बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. बाळ बाहेर येतं ते ओलंचिंब. ओलं अंग वाऱ्याने झपाट्याने गार होतं आणि नवजात बाळाला अंग गरम ठेवण्याची ताकद फार कमी असते. म्हणून जन्मताच पहिल्या टॉवेलने डोक्यापासून पायापर्यंत पुसायचं, तो ओला टॉवेल लगेच बाजूला टाकायचा आणि आईच्या अंगावर ठेवलेल्या बाळावर दुसरा कोरडा टॉवेल घालायचा. एकच टॉवेल असेल तर पुसलेल्या ओल्यातच बाळ गुंडाळलं जातं आणि पुसल्याचा उपयोग राहत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असला तरी हे लागू आहे, कारण आत वातानुकूलन असतं, पंखा असतो.

टॉवेलांचं गाव म्हणून सोलापूरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, पण टर्किश टॉवेल नवा कोरा असताना नीट पाणी पीत नाही. त्यावरची खळ आणि गुळगुळीतपणा जाईपर्यंत तो ओल नुसती पसरवतो. दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवलेला जुना टॉवेल या कामाला जास्त चांगला. जड सोलापुरी चादर मात्र बाळावर घालू नये. ती आजीला बाकावर अंथरायला ठेवा.

बाकी बाळाचं सामान: सुती झबली चार-पाच, टोपडी दोन, लंगोट डझनभर, जुन्या साडीची किंवा धोतराची दुपटी चार, पायमोजे. नवं सामान आधी घेऊन ठेवू नये, अशी समजूत कित्येक घरांत आहे. तिच्याशी वाद घालण्याची गरज नाही. नव्या कपड्यांचा बाळंतविडा नंतर येऊ दे. बहिणीच्या किंवा वहिनीच्या मुलांचे धुतलेले जुने कपडे घ्या. ते मऊ असतात, त्यांतली खळ गेलेली असते. रीतही सांभाळली जाते आणि बाळाची कातडीही.

या पिशवीत ज्या वस्तू जाऊच नयेत त्या मात्र ठामपणे सांगाव्या लागतील. मध, बाळगुटी, साखरपाणी, दुधाची पावडर, बाटली, काजळाची डबी. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट पिवळसर चीक हेच बाळाचं पहिलं अन्न. तो थोडाच येतो, पण तेवढ्यावर निरोगी बाळाचं भागतं. तो ‘जड’ असतो म्हणून पिळून टाकणाऱ्या आज्या अजून भेटतात. मधातून क्वचित असे जंतू जातात की तान्ह्या बाळाच्या स्नायूंची ताकदच जाते, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. पावडरचा डबा पिशवीत असला की पहिल्या रात्री बाळ रडलं रे रडलं की तो उघडला जातो. नसला तर बाळ पुन्हा छातीशी लावलं जातं आणि दूध त्यानेच वाढतं. काही कारणाने वरचं दूध द्यायचंच झालं तर बालरोगतज्ज्ञ तसं लिहून देतील, तेव्हा विकत आणता येतं.

उन्हाळ्यातल्या बाळाच्या कपड्यांबद्दल आणखी एक सांगून पुढे जातो. वॉर्डात गेल्यावर बाळाला कुंची, मोजे, दुपट्यावर दुपटं असं गुंडाळून ठेवण्याकडे कल असतो. किती कपडे पुरे हे बाळालाच विचारायचं. हाताच्या उलट्या बाजूने आधी पोटाला आणि मग तळपायाला हात लावा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला उघडं करून आईच्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. दोन्ही गार असतील तर वाट न बघता सिस्टरला बोलवा. अंग लाल, गरम आणि बाळ चिडचिडं वाटत असेल तर एक थर कमी करा. कपडे काढूनही अंग गरमच राहिलं तर तो ताप समजून डॉक्टरांना दाखवा.

वॉर्डातल्या पिशवीत सोबतच्या बाईचं सामान: चादर, एक साडी, चार्जर, सुट्टे पैसे, पेन, साबण, थोडं फराळाचं. सरकारी दवाखान्यात आईचं जेवण मोफत असतं, सोबतच्या बाईचं नसतं, आणि उपाशी आजी तिसऱ्या पहरी कुणाच्याच उपयोगाची नसते.

कागदपत्रांची फाइल चौथी, आणि ती सोबतच्या बाईच्या खांद्यावरच्या पर्समध्ये. मोठ्या पिशवीत तळाला ती ठेवूच नये. माता-बाल संरक्षण कार्ड सगळ्यात वर. त्यामागे रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, साखर यांचे रिपोर्ट आणि सगळ्या सोनोग्राफी तारखेच्या क्रमाने. आमच्या मंद्रूपच्या मुलीच्या बाबतीत त्यात आणखी एक कागद हवा. रक्तगट निगेटिव्ह असलेल्या आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध काही तयार झालंय का, हे पाहणारी आयसीटी नावाची तपासणी असते, तिचा रिपोर्ट. आणि साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात ‘अँटी-डी’ इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख. ते पुण्याला घेतलं असणार, आणि तो कागद पुण्यातच राहिलेला असणार. माहेरी येताना सगळ्यात जास्त हेच होतं: मुलगी आली, रिपोर्ट सासरी राहिले. शेवटच्या महिन्यात हे शोधायला निदान वेळ तरी असतो.

याच फाइलमध्ये आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. इथे आपल्याकडची एक खास भानगड आहे. आधारवर सासरचं नाव लागलेलं असतं, पासबुक लग्नाआधीचं, माहेरच्या आडनावाचं, आणि कार्डावर आशाताईंनी घरी हाक मारतात ते नाव लिहिलेलं. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या पात्र बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये आणि शहरातल्या पात्र बाईला ६०० रुपये मिळतात, तर पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये टप्प्याने मिळतात. हे पैसे थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जातात. नावं जुळली नाहीत की ते अडकतात. त्याहून पुढचं म्हणजे, दवाखान्याच्या नोंदीत आईचं जे नाव पडेल तेच बाळाच्या जन्मदाखल्यावर उतरतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा आहे. तेव्हा कुठलं नाव लावायचं, त्याचं इंग्रजी स्पेलिंग काय, हे आत्ताच ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता कागदावरचा प्लॅन. याच्या दोन परंपरा आहेत. एक अमेरिकेतली. १९८० च्या सुमारास तिथल्या बायका, दवाखान्यात आपल्याला काय हवं नि काय नको, हे लिहून द्यायला लागल्या. दुसरी आपल्याकडची. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली तेव्हापासून प्रत्येक गरोदर बाईचा छोटा प्रसूती आराखडा करणं हे आशाताईंचं काम ठरलं: तारीख कधी, दवाखाना कुठला, गाडी कोणती, अडलं तर पुढे कुठे. पहिल्यात बाईची इच्छा आहे पण गाडी नाही. दुसऱ्यात गाडी आहे पण बाईला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. दोन्ही एका पानावर आणायचे, एवढंच. पानाच्या पुढे जाऊ नये, कारण लांबलचक यादी कामाच्या गडबडीत कुणी वाचत नाही.

आमच्या मुलीचा कागद असा होईल:

‘‘पहिली खेप. तारीख १७ मे. रक्तगट बी निगेटिव्ह. अँटी-डी २८ व्या आठवड्यात घेतलं. औषधाची ॲलर्जी नाही. बाळंतपण सोलापूर सिव्हिलमध्ये. गाडी: १०२, ती नसली तर १०८, तीही लांब असली तर शेजारचे काका, नंबर खाली. सोबत वहिनी, आई वॉर्डात. नवरा पुण्याहून निघेल, त्याची वाट बघू नये. रक्त लागलं तर बी निगेटिव्ह, रक्तपेढीत आधी सांगून ठेवलं आहे. बाळाचा रक्तगट तपासावा. कळांमध्ये चालायला, कुशीवर राहायला आवडेल. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापू नये, बाळ माझ्या अंगावर ठेवावं, तासाच्या आत पाजायचं आहे. टाके किंवा सिझर लागलं तर कारण मला सांगावं. तांबीबद्दल: आत्ता नको, विचार करून सांगेन.’’

यातल्या काही ओळींमागची कारणं समजून घ्यायला हवीत. दवाखाना आधी. निरोगी बाईचं साधं बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात चांगलं होऊ शकतं. पण निगेटिव्ह रक्तगट आपल्याकडे शंभरात साधारण पाच जणांचा. अंगावरून जास्त गेलं आणि रक्त लागलं तर ते हाताशी असणाऱ्या ठिकाणीच थेट गेलेलं बरं. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून अवघड केस तिथेच पाठवतात. तिथे शेवटच्या महिन्यात एकदा तपासून घेऊन नाव नोंदवून ठेवलं, तर कळा सुरू झाल्यावर आपण अनोळखी पेशंट राहत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, हा सगळा कागद तेव्हा दाखवता येतो.

बाळाचा रक्तगट तपासायची ओळ यासाठी की बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. ते राहून गेलं तर या बाळाला सहसा काही होत नाही, पण आईच्या रक्तात तयार झालेले घटक पुढच्या खेपेच्या बाळाच्या रक्तपेशी फोडतात. हे राहण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. रिपोर्ट एका मजल्यावर असतो, आई दुसऱ्या मजल्यावर, आणि घरचे पेढे वाटण्यात गर्क. वहिनीचं काम एवढंच: दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचं, ‘‘बाळाचा रक्तगट आला का?’’

नाळेबद्दल. जन्मानंतर एक ते तीन मिनिटं थांबून नाळ बांधली तर तेवढ्या वेळात वारेतलं आणखी रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो. आईच अशक्त असेल, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असेल, तर बाळाला याचा फायदा जास्त. बाळ रडलं नाही, श्वास घेत नसेल तर मात्र डॉक्टर नाळ ताबडतोब कापतील, आणि त्यांनी तेच करायला हवं. म्हणून त्या ओळीत ‘बाळ ठीक असेल तर’ हे शब्द घातले. प्लॅनमधल्या प्रत्येक इच्छेला अशी एक पळवाट ठेवावी लागते. बाळंतपण कागद वाचून चालत नाही.

सोबतीची ओळ. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी काढल्या. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, आजारी नसलेली, आणि आत हस्तक्षेप न करणारी असावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ते जागेवर, गर्दीवर आणि ड्युटीवरच्या माणसांवर अवलंबून असतं. म्हणून आधीच्या तपासणीच्या दिवशीच विचारून घ्यावं. वहिनी का, आई का नाही? कारण लेकीच्या कळा बघून आईलाच घेरी येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कमरेवर हात फिरवत शांत बसू शकणारी बाई निवडावी, नात्याने जवळची नसली तरी चालेल.

नवऱ्याची वाट बघू नये, हेही लिहिलेलं बरं. पुण्याहून सोलापूर चार-पाच तासांवर आहे आणि ‘जावई आल्याशिवाय सही कोण करणार’ या एका वाक्यावर कितीतरी वेळ जातो. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याने चालते. दवाखाना नातेवाइकाची सही मागतो, ती सोबत असलेल्या जबाबदार माणसाची असू शकते.

तांबीची ओळ पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोय सरकारी दवाखान्यांत असते. कळा देत असलेल्या बाईने तेव्हा घाईत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापेक्षा नवरा-बायकोने घरी बोलून ठरवलेलं चांगलं. ठरलं नसेल तर तसं लिहावं.

पैशांचं म्हणाल तर २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि घरून ये-जा करण्याची गाडी, सगळं मोफत आहे. तरीही हजार-दोन हजार जवळ असावेत, कारण खासगी गाडीला आणि वरच्या खर्चाला ते लागतात. १०२ ची गाडी आरोग्य केंद्राशी जोडलेली असते. चालकाचा नंबर आशाताईंकडून घेऊन कागदावर लिहा, नुसता मोबाइलमध्ये ठेवू नका. माहेरच्या गावातल्या आशाताईंना ‘मी इथे आले आहे’ हे कळवलेलं नसेल तर त्यांच्या यादीत तुम्ही नाहीच. पंढरपूर-माळशिरसकडे असाल आणि तारीख आषाढीच्या आसपास असेल, किंवा सोलापूर शहरात जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत असाल, तर रस्ते कुठे बंद असतात ते आधी विचारा.

राहिला प्रश्न निघायचं कधी. खऱ्या कळा हळूहळू जवळ येतात, जोर वाढत जातो, आणि चालल्याने किंवा झोपल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा विश्रांतीने विरतात. मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पहिल्या खेपेला पाच मिनिटांनी एक, पाऊण ते एक मिनिट टिकणारी, असं तासभर चालू राहिलं की निघायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. पण पंचवीस किलोमीटर जायचं असेल तर सात-आठ मिनिटांवर आल्यावरच गाडीला फोन करा. दुसरी-तिसरी खेप असेल तर कळा नियमित झाल्या की थांबूच नका.

काही वेळा मात्र कळांची वाट बघायची नसते. पाणी गेलं तर स्वच्छ पॅड लावा, वेळ लिहा, रंग बघा. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केलेली असते, तेव्हा आणखी घाई. खाली नाळ लोंबल्यासारखं काही लागलं तर डोकं खाली, कंबर वर करून आडवं राहूनच गाडीत जायचं. लाल रक्त जायला लागलं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकाऱ्या आल्या, फिट आली, ताप आला, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर त्याच घटकेला निघा. गोड खाऊन, डाव्या कुशीवर पडून ‘हलेल थोड्या वेळाने’ असं म्हणत रात्र काढू नका.

आणि एक गोष्ट करायची नाही ती म्हणजे घरी किंवा गावातल्या डॉक्टरांकडून कळा वाढवायचं इंजेक्शन घेणं. हे औषध दवाखान्यात सलाईनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके बघत देतात. दंडात एकदम टोचलं तर ते परत काढून घेता येत नाही. गर्भाशय फाटण्यापर्यंत पाळी येऊ शकते आणि बाळाचा श्वास कोंडतो.

बाळ झाल्यावर दवाखान्यातून निघण्याआधी बीसीजी, पोलिओचा डोस आणि हिपॅटायटिस बीची लस कार्डावर लिहिली आहे का ते बघा. हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, बाळाचं नाव ठरलं नसलं तरी होते, ते नंतर घालता येतं. नोंदीच्या फॉर्मवर आईचं नाव आणि स्पेलिंग आधारप्रमाणेच उतरलंय ना, हे वहिनीने सही करण्याआधी एकदा अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं.